80 ची मिसळ 90 ला का? आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

येत्या 1 तारखेपासून आपल्याकडची मिसळ 80 ऐवजी 90 रुपयांना मिळेल. अर्धी मिसळ 50 वरून 55 होईल. वडा, कटवडा, जादा ब्रेड, चहा आणि ताक यांचे भाव आहेत तेच राहतील. एवढे फळ्यावर लिहूनही काम भागले असते. पण आठवड्यातून चार-चार वेळा येणाऱ्या माणसाला दहा रुपये कशाचे वाढले हे विचारायचा हक्क आहे, आणि "महागाई वाढली" हे काही त्याचे उत्तर नव्हे. महागाई सगळीकडे सारखी वाढत नाही. काही जिन्नस दुप्पट झाले, काही जागच्या जागी राहिले, एक-दोन तर स्वस्तही झाले. म्हणून हिशेबच समोर ठेवतो. कोल्हापुरात मिसळीचे गाडे आणि हाटेले गल्लोगल्ली आहेत. इतरांचा हिशेब थोडा इकडेतिकडे असेल, पण फार वेगळा नसावा.

आपण हिशेब 100 प्लेटींचा धरू. त्याला 3 किलो मटकी लागते. आठ-दहा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की तिचे वजन दुपटीहून थोडे जास्त भरते, साधारण साडेसहा किलो. म्हणजे प्रत्येक प्लेटीत 65 ग्रॅम. थंडीत मोड यायला पाऊण दिवस जास्त जातो, एवढाच काय तो फरक. लक्ष्मीपुरीत मटकी 110 ची 120 झाली. प्लेटीमागे हा फरक 30 पैशांचा आहे, त्यामुळे मटकीला दोष देण्यात अर्थ नाही.

फरसाण प्लेटीला 50 ग्रॅम, म्हणजे 100 प्लेटींना 5 किलो. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे मागचा भाव ठरवला तेव्हा, ते आम्हाला 170 रुपये किलोने पडत होते. आज 200 ने पडते. इथे प्लेटीमागे दीड रुपया वाढला. ब्रेडच्या तीन स्लाइस धरल्या तर 100 प्लेटींना 17 ब्रेड लागतात. 35 चा ब्रेड 40 ला झाला, त्याचे 85 पैसे वाढले.

आता कट. खरे दुखणे इथे आहे. आपल्याकडे पहिल्या वाटीनंतर आणखी कट मागितला तर वेगळे पैसे लागत नाहीत. सरासरीने प्रत्येक गिऱ्हाईक एक वाटी जादा घेते. काही जण घेतच नाहीत, काही जण तीनदा घेतात. म्हणून 100 प्लेटींना आम्ही 40 लिटर कट करतो, म्हणजे माणशी 400 मिलिलिटर. त्यात अडीच किलो तेल, एक किलो सुके खोबरे, चार किलो कांदा आणि मसाला जातो. वरून टाकायचा तीन किलो कांदा वेगळा.

खोबरे किलोला 170 होते, ते 340 झाले आहे. बरोबर दुप्पट. 2025 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने गोटा खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला 12,100 रुपये, म्हणजे किलोला 121 ठरवला होता. बाजार त्या भावाच्या कुठल्या कुठे वर गेला. दक्षिणेत नारळाचे पीक कमी आले, आणि जे आले त्यातले बरेचसे शहाळे म्हणून आधीच तोडले गेले. वाळवायला नारळच उरला नाही तर खोबरे स्वस्त कुठून मिळणार? कटाच्या हिशेबात यामुळे प्लेटीमागे 1 रुपया 70 पैसे वाढले. मिसळीतला हा सगळ्यात मोठा वाढीव जिन्नस आहे, आणि तो ताटात दिसतच नाही.

तेलाचे कारण सरळ आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त बाहेरून येते. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावले, त्याआधी ते शून्य होते. सेस वगैरे धरून एकूण बोजा साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून हे केले होते, त्याला आमची हरकत नाही. 30 मे 2025 ला मूळ शुल्क निम्म्यावर, 10 टक्क्यांवर आणले, पण डब्याचा भाव त्या प्रमाणात उतरला नाही. आमच्या बिलांत तेल किलोला 110 होते ते 150 झाले. प्लेटीमागे एक रुपया.

जाता जाता, घरी डबा घेणाऱ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा वेगळा. 15 लिटर तेलाचे वजन साधारण 13 किलो 650 ग्रॅमच भरते. "शंभर रुपये स्वस्त" म्हणून लिटरचा डबा उचलला तर सव्वा किलोहून जास्त तेल कमी मिळते. भाव विचारताना आधी किलो की लिटर ते विचारावे.

आता स्वस्त झालेली बाजू. लाल मिरचीचा भाव पडला आहे. मार्च 2024 मध्ये ब्याडगीच्या बाजारात भाव कोसळले म्हणून शेतकऱ्यांचा उद्रेक झाला होता, ते आपण वाचलेच असेल. आमचा मिरची, धने, तीळ, आले-लसूण धरून 100 प्लेटींचा मसाला 310 चा 280 ला आला. म्हणजे प्लेटीमागे 30 पैसे वाचले, आणि मटकीने खाल्लेले 30 पैसे मिरचीने परत केले. कांदा, लिंबू, कोथिंबीर यांचे भाव दर महिन्याला वरखाली होतात. वर्षाची सरासरी काढली तर फरक पडत नाही, म्हणून त्यांच्या नावावर आम्ही काहीच वाढवलेले नाही. उन्हाळ्यात लिंबू महागले की फोड लहान होते, ती मात्र होणार.

सगळ्या मालाची बेरीज केली तर दोन वर्षांपूर्वी एका प्लेटीत 29 रुपये 40 पैशांचा माल जात होता. आज 34 रुपये 45 पैशांचा जातो. वाढ पाच रुपयांची झाली. उरलेले पाच रुपये मालाबाहेर वाढले आहेत.

त्यातले चार मजुरीचे. रोज दीडशे प्लेटी जातात आणि पाच माणसे कामाला आहेत. पहाटे चारला भट्टी पेटवणारा आचारी, त्याच्या हाताखालचा, दोन वाढपी आणि भांड्यांना मावशी. पूर्वी पाचांचा मिळून रोजचा खर्च 2,400 रुपये होता, आता 3,000 आहे. म्हणजे प्लेटीमागे 16 चे 20. हा खर्च आम्ही नाइलाजाने नाही, समजून वाढवला आहे. कटाचा मसाला मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचा, कांदा करपण्याच्या जरा आधी उतरवायचा, पाणी गरमच घालायचे हे ज्याच्या हाताला बसले आहे तो माणूस गेला की मिसळ बदलते, आणि ती बदललेली पहिल्या घासाला तुम्हालाच कळते. भाडे, वीज, पाणी, परवाने, साबण आणि फुटणाऱ्या वाट्या यांचे 8 चे 9 झाले.

गॅस मात्र दोन वर्षांपूर्वी जेवढा पडत होता जवळपास तेवढाच पडतो, प्लेटीला पाच रुपये. आमचा 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर साधारण 350 प्लेटींना पुरतो. शिजवण्यापेक्षा तो जास्त जळतो कट गरम ठेवण्यात. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत कट 60 अंशांच्या खाली येऊ द्यायचा नसतो. त्याच्या खाली कोमट राहिलेला रस्सा आंबायला लागतो, आणि मसाला तिखट असल्यामुळे सुरुवातीचा आंबटपणा जिभेला कळतही नाही. घरगुती सिलिंडर वापरून पैसे वाचवा असे सुचवणारे भेटतात. तो हाटेलात वापरणे बेकायदा आहे, आणि काही दुर्घटना झाली तर विमा कंपनी दारात उभे करणार नाही.

करांबद्दल हमखास विचारणा होते. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कमी झाला, मग भाव वाढतो कसा? 22 सप्टेंबरला पाकीटबंद फरसाणावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला हे खरे. आपले फरसाण सुटे येते, त्यावर आधीपासूनच 5 टक्के होता. हाटेलातल्या खाण्यावरचा 5 टक्के दर बदलला नाही आणि व्यावसायिक गॅसवरचा 18 टक्केही तसाच आहे. आम्ही कंपोझिशन योजनेत आहोत. या योजनेत विक्रीच्या 5 टक्के कर आम्ही आमच्या खिशातून भरतो. तो बिलात वेगळा लावता येत नाही आणि मालावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. म्हणून आपल्या बिलावर जीएसटीची ओळ नसते, पण 80 रुपयांतले 4 रुपये कराचेच असतात. उद्या कुठल्या कंपोझिशनवाल्या हाटेलाने बिलाखाली 5 टक्के वेगळे लावले तर देऊ नका, तसे लावायची त्यांना परवानगी नाही.

आता मांडणी पाहा. दोन वर्षांपूर्वी माल 29.40, गॅस 5, मजुरी 16, भाडे वगैरे 8 आणि कर 4 मिळून 62 रुपये 40 पैसे खर्च होता, आणि 80 मधून 17 रुपये 60 पैसे उरत होते. आज त्याच 80 मधून 72 रुपये 45 पैसे जातात आणि साडेसात रुपये उरतात. 90 केल्यावर करही 4 चा साडेचार होईल आणि 17 रुपये 5 पैसे उरतील, म्हणजे पूर्वीपेक्षा 55 पैसे कमीच. या 17 रुपयांत चालवणाऱ्या दोघांचा पगार, कर्जाचा हप्ता आणि पावसाळ्यात ज्या दिवशी साठच प्लेटी जातात त्या दिवशी उरलेला माल, हे सगळे आले.

पाचच रुपये वाढवले असते तर सहा-आठ महिन्यांत पुन्हा असेच पत्र लिहावे लागले असते. आणि पंधरा वाढवायचे धाडस का करत नाही, तेही सांगतो. मजुरी आणि भाडे मिळून आमचा रोजचा बांधील खर्च 4,350 रुपये आहे. तो दीडशे प्लेटींवर विभागला तर प्लेटीला 29 पडतो. भाव फार वाढला म्हणून वीस जण यायचे थांबले तर तोच खर्च 130 प्लेटींवर बसतो आणि साडेतेहतीस होतो. वाढवलेल्या पैशातले साडेचार रुपये तिथेच संपतात.

अर्धी मिसळ अर्ध्या भावात का नाही, हेही याच आकड्यांतून दिसते. माल आणि गॅस अर्धा लागतो, पण टेबल, वाढपी आणि वाटी धुणारा हात पूर्णच लागतो. अर्ध्या मिसळीला आम्हाला 51 रुपयांच्या आसपास पडतात, म्हणून 50 ला ती तोट्यात जात होती. 55 ला तीन-साडेतीन रुपये सुटतील. शाळेतली पोरे आणि वयस्कर मंडळी ती घेतात, म्हणून बंद मात्र करणार नाही.

भाव न वाढवता मिसळ 80 लाच देता आली असती का? आली असती. ते कसे करतात हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते आणि खाणाऱ्यालाही माहीत असावे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली काटछाट खोबऱ्यात होते. किलोऐवजी पाव किलो खोबरे घ्यायचे आणि दाटपणासाठी बेसन किंवा डाळ्याचे पीठ लावायचे. खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असते, ते भाजून वाटले की कटाला अंग येते आणि तर्री वर येऊन तरंगते. पीठ लावलेला कट दाट दिसतो, पण त्याची तर्री पिठात अडकून बसते. ओळखायचे सोपे आहे. वाटी पाच मिनिटे तशीच ठेवा. वर साय धरल्यासारखा पापुद्रा आला आणि तळाशी चिकट गाळ बसला तर ते पीठ आहे.

तर्री नसली की मग रंग येतो. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळपास नाहीच. म्हणून खऱ्या कटात लाल थर वर आणि खालचा रस्सा तपकिरी दिसतो. बाटलीतला रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे कट वरपासून तळापर्यंत एकसारखा लाल दिसतो. स्लाइसचा कोपरा बुडवून बघा. खऱ्या कटात ब्रेडवर तेलाचे लाल ठिपके आणि कडा उमटतात, रंगाच्या कटात तो सपाट गुलाबी-लाल होतो आणि बोटांवरचा रंग साबणाने धुतला तरी राहतो.

दुसरी काटछाट तेलात. वडे तळून उरलेले तेल कटाला वापरायचे, की नवे तेल लागतच नाही. वारंवार तापलेल्या तेलात घातक घटक साठत जातात. 1 जुलै 2018 पासून देशात नियम आहे की त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. ते मोजायचे मीटर मिळते, पण मीटर नसले तरी कढईत बारीक, न फुटणारा फेस येऊ लागला, तेल जाडसर झाले आणि धूर लवकर निघू लागला की ते संपले असे समजावे. अशा तेलाचा कट काळपट दिसतो आणि खाल्ल्यावर तासाभराने घशाशी येतो. आपल्याकडे वड्याचे तेल कटात जात नाही. ते बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांकडे जाते.

मटकी लवकर शिजावी आणि गॅस वाचावा म्हणून सोडा टाकणे ही तिसरी युक्ती. तशा मटकीची सालपटे सुटून वर तरंगतात, दाणा पिठूळ होतो आणि मोड तुटून जातात. मटकीच्या जागी पांढरा वाटाणा घालणे याला मात्र आम्ही भेसळ म्हणणार नाही. पुण्यामुंबईकडे कित्येक ठिकाणी तशी मिसळ करतात आणि ती चांगलीही लागते. पण कोल्हापुरात मटकीची मिसळ म्हणून लिहायचे आणि वाटाणा वाढायचा, हे बरे नाही.

यातले काहीही न करता 80 ला परवडत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

जादा कट पूर्वीसारखाच मोफत राहील. एक वाटी कटाला आम्हाला मालाचे साडेपाच-पावणेसहा रुपये पडतात, आणि ते 90 च्या हिशेबात आधीच धरलेले आहेत. विनंती एवढीच की अर्धी वाटी मागावी आणि लागली तर पुन्हा मागावी. वाढपी दहादा येईल. वाटीत उरलेला कट टाकूनच द्यावा लागतो.

पार्सलचा भावही 90 च आहे. पार्सलवाल्याला जादा कट मिळत नाही, पण डब्यांचे जवळपास सहा रुपये लागतात, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणून आजवरचे पार्सलचे पाच रुपये जादा आम्ही काढून टाकले आहेत. स्वतःचा डबा आणला तर 85 घेऊ. डबा स्टीलचा आणि घट्ट झाकणाचा आणावा, दोन खणांचा असेल तर उत्तम. फरसाण कटात घालून नेले की दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गरम कट कुणी कितीही आग्रह केला तरी देणार नाही, 2018 च्या प्लास्टिकबंदीआधीही ते चूकच होते.

ज्यांच्याकडे दहा मिसळींची 800 रुपयांची कुपने आहेत त्यांना ती शेवटच्या कुपनापर्यंत जुन्याच भावात चालतील, वरचे दहा रुपये कुणी मागणार नाही. नवी कुपने 1 तारखेपासून 900 ला अकरा अशी मिळतील. पैसे आधी मिळाले की तेल आणि खोबरे आम्हाला रोखीने घाऊक घेता येते. त्यातून जे वाचते त्याची ही अकरावी मिसळ.

गल्ल्याशेजारी एक पाटी लावतो आहोत. तिच्यावर दर महिन्याच्या 1 तारखेला पाच भाव लिहू: तेल, खोबरे, फरसाण, ब्रेड आणि गॅस. व्यावसायिक गॅसचा दर त्याच दिवशी बदलतो, म्हणून तारीख ती धरली. आजच्या भावाने प्लेटीतला माल 34 रुपये 45 पैशांचा आहे. तो सलग तीन महिने 30 च्या खाली राहिला तर प्लेटीचा भाव पाच रुपयांनी उतरवू. आणि माल कितीही चढला तरी पुढचे बारा महिने 90 च्या वर जाणार नाही. पाटीवरचा आकडा पटला नाही तर त्या महिन्याची खरेदीची बिले गल्ल्यातच असतात, मागून बघावीत. सकाळी साडेनऊनंतर गर्दी जरा ओसरते, तेव्हा विचारले तर नीट बसून दाखवता येतील.

आपले नम्र,
मिसळ हाटेल चालवणारे आम्ही दोघे आणि कामावरची सगळी मंडळी